मागच्या चाकाची ओल

सडक अर्जुनीच्या नाक्यावरून गोंदियाला जाणारी सर्व्हिस मोटर सकाळी सुटायची. सुटण्याआधी भैय्यालाल डायवर मोटरीभोवती एक फेरी घालायचा. लोक त्याला प्रदक्षिणा म्हणून हसायचे.

"झाली का पूजा, महाराज?" छोटेलाल आतून ओरडला. तो किराणा दुकानदार होता, दर बाजारवारी गोंदियाला जायचा आणि डायवरच्या मागचं बाक आपलंच समजायचा. "नारळ आणू का फोडायले?"

"आना सेठ, परसाद तुमीच वाटा," भैय्यालाल म्हणाला आणि पुढच्या चाकाशी वाकला.

लढाई संपून वर्ष होत आलं होतं, पण टायर अजून सहज मिळत नव्हते. जे होते ते जपावे लागत. रात्रभर गार पडलेल्या टायरची हवा तो निघण्याआधीच काट्याने बघायचा. चाक धावून तापलं की हवा जास्त दाखवते, मग कमी भरलेला टायरही ठीक वाटतो, असं तो सांगायचा. त्यानंतर टायरवरच्या नक्षीच्या खाचेत नख घालायचा. नख पुरेसं बुडलं तर पुढे. आज उजव्या बाजूचा एक टायर एका कडेला जास्त घासलेला दिसला. त्याने तो हाताने चाचपला, मान हलवली आणि पुढे सरकला. तो टायर आणखी थोडे दिवस चालणार होता.

मोटर छपराखाली उभी होती, म्हणून दिवे लावून बघणं सोपं होतं. दुधराम कंडक्टर मागे उभा राहिला. भैय्यालालने ब्रेकवर पाय दिला.

"लागला का मागचा लाल दिवा?"

"लागला!" दुधराम म्हणाला.

पण भैय्यालालचा पाय कालपेक्षा खाली गेला होता. त्याने पुन्हा दाबलं. पुन्हा खाली.

तेवढ्यात नाक्यावर बैलगाडी आली.

गाडीत गवतावर गंगा होती. तिच्या अंगावर दोन घोंगड्या होत्या आणि तरी ती थरथरत होती. उशाशी देवकाबाई सुईण बसली होती. पुढे कासरा धरून गंगाचा नवरा केवळराम, आणि बैलांच्या बाजूने धावत तिचा भाऊ मनिराम. पोर रात्री झालं होतं, मुलगा, घरी आजीपाशी होता. पण पोरामागून पडायची वार पडली नव्हती आणि रक्त थांबत नव्हतं.

"गोंदियाचा दवाखाना," देवकाबाई भैय्यालालला म्हणाली. तिचा आवाज एरवी गावभर ऐकू जायचा. आता तो खाली होता. "माह्या हातचं नाई रायलं बापा. लवकर चाल."

आतल्या बायकांनी भराभर बाकं मोकळी केली. छोटेलालनेही आपली जागा सोडली, आपली चादर घडी करून उशाला दिली. गंगाला उचलून आडवं केलं. ती म्हणाली, "पोराले दूध कोन पाजल?" देवकाबाई म्हणाली, "बोलू नको. शेजारची सून पाजते."

भैय्यालालने पायाखालची फळी उचलली. तिच्याखाली ब्रेकच्या तेलाची टाकी होती. बूच काढून त्याने आत काडी घातली. काडी जवळजवळ कोरडी आली. काल ती टाकी भरलेली होती.

तो खाली उतरला आणि चाकांच्या मागे आतल्या बाजूने हात फिरवू लागला. डाव्या मागच्या चाकाच्या आतल्या अंगाला टायरवर एक ओला ओघळ होता. त्याने बोट लावून बघितलं.

"चाल ना गा!" मनिराम ओरडला. "काऊन बसून रायला?"

"ब्रेक गळून राहिला, भाऊ."

"मग तेल टाक नं चाल!"

"माह्याजवळ एकच डबा हाय. जितक्या वेळा दाबीन तितक्या वेळा बाहेर फेकील. एका चाकाचं गळलं की चारी चाकांचा ब्रेक जाते. मुरदोलीच्या जंगलात उतार हाय. तिथं पाय खाली गेला तर मी काय करू?"

"हळू चालव," कोणीतरी आतून म्हणालं.

"हातब्रेक हाय नं?" दुसरा.

"भरल्या मोटरीले उतारावर हातब्रेक नाई धरत."

छोटेलाल दारात आला. त्याच्या चेहऱ्यावर आता चेष्टा नव्हती. "माझ्या दुकानात इंजनचं तेल आहे. दोन डबे आणतो. ओतत जा, पंप करत जा. एवढं तर पोहोचशील."

"सेठ, ब्रेकमध्ये ते तेल टाकलं की आतलं रबर फुगते. थोड्या वेळानं चाकं धरतात, मग सुटतात. मग कायच राहत नाई."

मनिराम सडकेवर धावला. नागपूरकडून एक ट्रक आला. त्याने दोन्ही हात वर केले. ट्रक धूळ उडवत रायपूरकडे निघून गेला. तो गोंदियाला वळणारच नव्हता, पण मनिरामने त्याच्या मागे दगड भिरकावला.

परत आला तेव्हा त्याने भैय्यालालची कॉलर धरली. "माझी बहीण मरून राहिली आणि तू चाक चाटून राहिला!"

भैय्यालालने कॉलर सोडवली नाही. त्याने मनिरामच्या खांद्यावरून केवळरामकडे पाहिलं. केवळराम मोटरीच्या पायरीवर बसला होता, एक हात आत, गंगाच्या पावलावर.

"तुमी सांगा," भैय्यालाल म्हणाला. "तुमची मंडळी हाय. म्हणाल तर असाच काढतो. पन आत एवढे मानसं हाय, ते बी पाहा. खोललं तर वेळ लागल. लई नाई, पन लागल."

केवळराम उठला. तो कोहळी होता, तळी बांधणाऱ्या जातीतला. त्याच्या घराण्याने गावचा तलाव बांधला होता आणि त्याची पाळ, म्हणजे मातीचा बांध, अजून तेच बघत. पावसाळ्याआधी घरातला कर्ता माणूस अनवाणी पाळेवरून चालायचा, कारण आत कुठे खेकड्याने भोक पाडलंय ते डोळ्यांना दिसत नाही, तळपायाला मऊ लागतं. आपल्या बापाच्या मागे तो लहानपणापासून तसा चालला होता. ओल दिसली की तलावात पाणी घ्यायचं नाही, आधी खोदायचं. गावाने कितीही आरडाओरड केली तरी आधी खोदायचं. त्याला दुसरं काही येत नव्हतं.

त्याने चाकाच्या आतला ओघळ पाहिला. बोट लावलं, चोळलं. ओघळ पुसल्यावर पुन्हा बारीकसा थेंब आला.

"हे आतून फुटलं हाय," तो म्हणाला.

"हो."

आत गंगाने काहीतरी पुटपुटलं. देवकाबाईने तिच्या ओठांना ओलं फडकं लावलं.

"खोल," केवळराम म्हणाला.

"भाऊजी!" मनिराम किंचाळला. "पागल झाले का तुमी?"

"वाटेत उलटली तर तिलेच नाई, सगळ्यायले घेऊन जाईल. खोल, भाऊ. लवकर खोल."

मोटर वर उचलली, चाक उतरलं. भैय्यालालने ड्रम काढला. आतले ब्रेकचे पट्टे तेलाने भिजले होते. सिलिंडरमधली रबराची वाटी एका काठाला चिरली होती. त्याने ती केवळरामला दाखवली, जणू तो त्याचं देणं लागत होता. मग टिनच्या डब्यातून नवी वाटी काढली, बसवली, पट्टे पेट्रोलने धुऊन कोरडे पुसले. त्याचे हात घाईत होते, पण कुठे चुकत नव्हते. मनिराम शिव्या देत होता. कोणी त्याला अडवलं नाही.

ड्रम आणि चाक चढवल्यावर शेवटचं काम सगळ्यांत जीवघेणं. नळीत हवा शिरली होती. ती काढली नाही तर ब्रेक स्पंजासारखा दबतो. दुधराम वर बसून ब्रेक दाबायचा आणि धरून ठेवायचा. भैय्यालाल खाली पडून चाकामागचा स्क्रू सैल करायचा. तेलाबरोबर बुडबुडे यायचे. स्क्रू कसायचा, मग दुधरामने पाय सोडायचा. पुन्हा. टाकी रिकामी पडू नये म्हणून छोटेलाल वरून भैय्यालालच्या डब्यातलं ब्रेकचं तेल घालत होता. सगळी मोटर कान देऊन ऐकत होती.

"दाब. धर. सोड."

"दाब. धर. सोड."

ऊन छपराच्या आत आलं तेव्हा तेल बिनबुडबुड्यांचं आलं.

मोटर निघाली. निघण्याआधी भैय्यालालने वरच्या आरशाला हात लावला. टपावरच्या गाठोड्याचं टोक त्यात लोंबत होतं, ते दुधरामने आवळून बांधलं. मागचा रस्ता दिसू लागला. तेवढ्यासाठीसुद्धा मनिराम दात खात होता.

मुरदोलीच्या उतारावर, वळण संपताच, धानाच्या पोत्यांची एक गाडी आडवी पडली होती. तिचं चाक निखळलं होतं आणि बैल रस्त्याच्या मधोमध उभे होते. भैय्यालालने ब्रेक दाबला. मोटर थरथरली, सरकली, आणि बैलांच्या शिंगांपासून हातभर अंतरावर थांबली.

मनिराम समोरच्या काचेतून त्या शिंगांकडे बघत राहिला. गाडीवान घाईघाईने बैल बाजूला घेऊ लागला. केवळरामने गंगाकडे पाहिलं. तिचे डोळे उघडे होते. "थांबली कायले?" तिने विचारलं. "बैल हाय," तो म्हणाला. "जाऊन राहिलो आपन." तिने डोळे मिटले. त्यानंतर ती त्याच्याशी बोलली नाही.

गोंदियाच्या दवाखान्यात पोहोचली तेव्हा तिचा श्वास चालू होता. डॉक्टरीणबाई तिला आत घेऊन गेल्या. प्रवासी उतरून आपापल्या वाटेला गेले नाहीत. व्हरांड्यात, पायऱ्यांवर, जिथे जागा होती तिथे बसले. छोटेलाल त्या दिवशी बाजारात गेलाच नाही.

डॉक्टरीणबाई बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावरूनच सगळ्यांना कळलं. देवकाबाईने पदर तोंडात धरला.

भैय्यालाल पुढे झाला. त्याच्या बोटांना अजून तेल लागलेलं होतं. त्याला काहीतरी विचारायचं होतं आणि केवळरामला ते आधीच कळलं. त्याने त्याचा हात धरला.

"नको विचारू."

"मले समजलं पाहिजे, भाऊ."

"समजून काय करशील? खोल मी म्हनलं. तू नाई."

पण मनिराम त्यांच्या आधीच बाईंसमोर उभा होता. "बाई, सकाळीच आली असती तर? मोटर वेळेवर निघाली असती तर?"

डॉक्टरीणबाई दमल्या होत्या. त्यांनी खोटं सांगितलं नाही. "वाचली असती कदाचित," त्या म्हणाल्या. "कदाचित तरीही नसती. रक्त रात्रीच खूप गेलं होतं. मला नाही सांगता येत."

मनिरामने मान खाली घातली. त्याला कोणावर तरी ओरडायचं होतं. त्या उत्तरात ओरडायला जागा नव्हती. थोड्या वेळाने तो भिंतीला टेकून रडू लागला, आणि रडता रडता म्हणाला, "ते बैल. भाऊजी, ते बैल मी पाहिले."

"हो," केवळराम म्हणाला.

भैय्यालाल खालच्या पायरीवर बसला होता. केवळराम त्याच्याजवळ जाऊन बसला. दोघांमध्ये एक माणूस बसेल एवढी जागा राहिली.

"मी आज ते बूच उघडलंच नसतं," भैय्यालाल म्हणाला, "तर तुमाले ठरवावं लागलं नसतं."

केवळरामने त्याच्या तेलकट बोटांकडे पाहिलं. ब्रेक लागला होता, एवढी माणसं जिवंत होती, आणि गंगा आत चादरीखाली होती. या तिन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या होत्या आणि एकीमुळे दुसरी काही हलकी होत नव्हती.

"घरी पोरगं भुकं असल," तो म्हणाला. "चला. तिले घेऊन जाऊ."