रिकाम्या जागेतून पडलेल्या अक्षदा

सटवा दुकानात येऊन बसला की आधी स्टूल कुरकुरायचं आणि मग केदारनाथ आपली खुर्ची भिंतीकडं सरकवायचा. आजही तसंच झालं. वडवणीच्या स्टँडसमोर, मन्मथप्पांच्या किराणा दुकानाच्या माडीवर केदारनाथची व्हिडिओ मिक्सिंगची खोली. दोन हजार चारचं साल, उन्हाळा, लग्नाची दाट तीथ. खाली गुळाचा वास, वर कंप्युटरचा पंखा घरघरतोय आणि दारात सटवा, राधाकिशन आबांचा उजवा हात. त्या हाताचा एकेक पंजा घमेल्याएवढा.

"काढला का त्याला?"

"काढतोय की."

"आबा म्हणले चारला वस्तीवर यायचं. सगळी भावकी टीव्हीपुढं बसणार हाय. त्यात उत्तरेश्वर दिसला तर," सटवानं बोलणं तिथंच सोडलं आणि पानाची पिंक खिडकीतून टाकली. उरलेलं केदारनाथला कळलं.

भानगड सोपी होती, म्हणून तर भीती जास्त. आबा आणि त्यांचा धाकटा भाऊ उत्तरेश्वर यांचं बांधावरून फाटलं होतं. लेकीच्या लग्नाआधी आबा गावच्या पारावर सगळ्यांसमोर बोलून बसले होते, "त्यानं माह्या मांडवात पाय ठिवला, तर मी भावकीत तोंड दाखवणार न्हाई." आणि उत्तरेश्वरनं पाय ठेवला. मंगलाष्टकं संपली, पंगतीकडं गर्दी पळाली, आबा पाव्हण्यारावळ्यांत गुंतले, तेवढ्यात तो मागच्या बाजूनं आला. पुतणीवर अक्षदा टाकल्या आणि निघून गेला. दोघाचौघांनी पाहिलं. गावात कुजबूज उठली. आबा म्हणाले, "खोटंय. सगळ्यांना कॅसेटच दाखवतो."

कॅसेट केदारनाथनं काढली होती. त्याच्या खांद्यावर कॅमेरा होता आणि उत्तरेश्वर त्यात अकरा सेकंद होता.

अकरा सेकंद म्हणजे पावणेतीनशे फ्रेमा. उत्तरेश्वर येण्याआधी त्याच जागेचा नुसता मरून रंगाचा पडदा दिसत होता. तो एक चित्रासारखा उचलायचा आणि माणसाच्या अंगावर ठिगळ म्हणून लावायचा. पण कॅमेरा खांद्यावरचा, हलणारा. ठिगळ जागेवर गच्च राहिलं तर पडदा डोलतोय आणि मधला चौकोन मात्र मुर्दाड, असं दिसलं असतं. म्हणून केदारनाथनं पडद्यावरची एक चमकी आणि खांबावरचा बल्ब धरला. कंप्युटरला सांगितलं, या दोन ठिपक्यांवर नजर ठेव, ते जिकडं सरकतील तिकडं ठिगळ सरकव. कंप्युटर फ्रेमीमागं फ्रेम ठिपके हुडकत निघाला.

"आता हे काय?" सटवानं माणसाभोवतीच्या रेघेवर बोट ठेवलं.

"मास्क. एवढ्या रेघेच्या आत ठिगळ दिसणार, बाहेर खरं राहणार. माणूस हालला की रेघ बी हालवायची."

"प्रत्येक येळंला?"

"दर चारपाच फ्रेमीला. मधलं तो जुळवून घेतो. न्हाई जुळलं की परत हातानं."

एका जागी फोटोग्राफरचा फ्लॅश उडाला, पांढऱ्या झटक्यात ठिपका हरवला आणि ठिगळ एकदम नवरदेवाच्या तोंडावर जाऊन बसलं. नवरदेवाच्या जागी मरून कपडा! सटवा एवढ्यांदा हसला की खालून अप्पांनी हाक मारली. केदारनाथला घाम फुटला. त्यानं ती जागा हातानं बसवली. उत्तरेश्वरचा खांदा नवरदेवाच्या फेट्यामागं जात होता, तिथं फेट्याच्या कडेकडेनं रेघ फिरवली. कडा मऊ केल्या, म्हणजे कातरल्यासारखं दिसू नये.

"सावली राह्यली बे," सटवा म्हणाला.

खरंच राहिली होती. हॅलोजनच्या उजेडात पडद्यावर पडलेली उत्तरेश्वरची लांब सावली एकटीच चालत निघाली होती. केदारनाथच्या मानेवर काटा आला. तिच्यासाठी वेगळा मास्क काढला.

दोनला लाईट जाणार होती. मशीन रडू नये म्हणून तो सगळं पाव क्वालिटीवर, धूसर पाहत होता. तसंच एकदा पाहिलं. पडदा डोलतोय, माणूस न्हाई. पूर्ण क्वालिटीत परत पाहायला वेळच नव्हता. रेंडरला टाकलं, म्हणजे ठिगळासकट पक्कं चित्र बनवायला लावलं, मग कॅमेऱ्यात नवी टेप घालून तिच्यावर उतरवलं आणि टेप बाहेर आली न आली तोच पंखा थांबला.

"ओरिजनल टेप बी घी," सटवा म्हणाला. "आबा जाळणार हायेत."

ती कमरेच्या पाऊचमध्ये टाकून, कॅमेरा घेऊन केदारनाथ सटवाच्या राजदूत फटफटीवर मागं बसला.

तेलगावच्या अलीकडं आबांची वस्ती. ओसरीत एकोणतीस इंची टीव्ही, तो जनरेटरवर. खाली सतरंजीवर भावकी. सगळ्यात पुढं, टीव्हीला नाक लावून आबांची आई विमलबाई. भिंतीला टेकून नवरी संस्कृती, मांडवपरतणीला आलेली. तिच्याशेजारी तिला परत न्यायला आलेली नवऱ्याची आत्या, रुक्मिणीबाई. आबा खुर्चीवर.

केदारनाथनं कॅमेऱ्याची वायर टीव्हीला जोडली.  पिवळी पिन दोनदा चुकीच्या भोकात गेली.

"कावून थरथरतो रे?" विमलबाई म्हणाल्या. "जेवला न्हाईस का?"

मंगलाष्टकं झाली. गर्दी पंगतीकडं सरकली. मग ते अकरा सेकंद आले. पडदा डोलला. माणूस नव्हता. सावली नव्हती. आबांनी मांडीवर थाप मारली.

"दिसला का कुणाला? सांगा! आला होता म्हणं! कुठं आला?"

आणि तेवढ्यात मोठ्या टीव्हीवर, पूर्ण उजेडात, रिकाम्या पडद्यापुढून मूठभर पिवळ्या अक्षदा निघाल्या. ज्वारीचा दाणा न् दाणा दिसला. हवेतून निघाल्या आणि नवरीच्या डोक्यावर पडल्या. टेपमधल्या संस्कृतीनं मान वर केली, रिकाम्या जागेकडं पाहून हसली आणि हात जोडले.

केदारनाथला चूक कळली. माणूस पुसला, हात पुसला, सावली पुसली. हातातून सुटलेल्या अक्षदा रेघेच्या बाहेर राहिल्या होत्या. कंप्युटरच्या धूसर चित्रात त्या दिसल्याच नव्हत्या.



"परत लाव," विमलबाई म्हणाल्या.

लावलं. परत हवेतून अक्षदा.

"दादा," कुणीतरी मागून पुटपुटलं. दादा म्हणजे आबांचे वडील, वारून तीन वर्षं झालेली. "म्हातारा आलता नातीच्या लग्नाला!"

एका बाईनं डोक्यावर पदर घेतला. कुणी चपला शोधायला लागलं. विमलबाईंनी टीव्हीला हात लावला आणि रडायला लागल्या. आबांच्या तोंडावर आधी पांढरं आलं, मग लाल, आणि मग त्यांना वाट दिसली. ते उठून हात जोडून म्हणाले, "दादाच. दुसरं कोण असणार?"

केदारनाथला सुटल्यासारखं वाटलं. घडीभरच. कारण रुक्मिणीबाई उठून उभ्या राहिल्या होत्या. त्यांनी संस्कृतीच्या खांद्यावरचा आपला हात काढून घेतला होता.

"आबासाहेब, राग मानू नका," त्या म्हणाल्या. "मेलेल्या माणसानं हात लावलेली पोरगी आमी घरात कशी न्यावी? आमच्या घरात लहान लेकरं हायेत. तुमी आधी काय असंल ते करा. पोरगी इथंच राहू द्या."

संस्कृती भिंतीला आणखी चिकटली. तिला सगळं ठाऊक होतं, तिनं तर हात जोडले होते. पण बापाकडं पाहून तिच्या तोंडून शब्द फुटेना. ती केदारनाथकडं पाहत होती.

आबा केदारनाथकडं पाहत होते. सटवा दारात आडवा उभा होता.

"मशीनमंधी बिघाड झाला असंल," आबा हळूच म्हणाले. "हो का न्हाई रे? बोल."

"बिघाड असा?" रुक्मिणीबाई म्हणाल्या. "पोरगी कुणाला हात जोडती मग? बिघाडाला?"

केदारनाथनं दोघांकडं आळीपाळीनं पाहिलं. हो म्हणावं तर पोरीचं लग्न मोडतंय. नाही म्हणावं तर सटवा आणि तेलगाव-वडवणी रस्त्यावरचा एखादा ओढा. पाऊचमधली टेप त्याला निखाऱ्यासारखी लागत होती. त्यानं काय बोलायचं ठरवलं ते त्याला पुढं कधीच आठवलं नाही. तोंड आपोआप उघडलं.

"मेलेला न्हाई, आत्या. जिता हाय. मी पुसलाय त्याला. अक्षदा पुसायच्या राह्यल्या."

सटवानं एक पाऊल पुढं टाकलं. केदारनाथनं डोळे मिटले आणि दोन्ही हातांनी कॅमेरा छातीशी धरला.

पण आवाज आबांचा आला, फाटलेला. "थांब रे, सटवा."  आबांनी एकदा रुक्मिणीबाईंकडं पाहिलं, एकदा भिंतीशी थिजलेल्या लेकीकडं. मग म्हणाले, "पहिली टेप लाव."

केदारनाथनं लावली. आता पडद्यापुढं उत्तरेश्वर आला, भावासारखीच चाल, हातात अक्षदा. पुतणीवर टाकल्या. पुतणी हसली, हात जोडले. तो मागं न बघता गेला.

"उत्तऱ्या," विमलबाई म्हणाल्या आणि पदरानं डोळे पुसले. "बारीक झालाय लई."

रुक्मिणीबाई खाली बसल्या. त्यांनी संस्कृतीच्या खांद्यावर परत हात ठेवला. आबा कुणाकडंच न पाहता उठले, आत गेले आणि दार लावून घेतलं. भावकी एकेक करून चपला घालू लागली. कुणी हसलं नाही. हसायची हिंमत नव्हती.

केदारनाथनं वायरी कशाही कोंबल्या आणि रस्त्याला लागला. पन्नास पावलं गेला असेल, मागून राजदूत आली.

"बस."

"मी जातो की एसटीनं."

"बस म्हणलं ना."

बसावंच लागलं. उन्हं उतरली होती, ऊस दोन्ही बाजूंनी उभा. पुलाजवळ सटवानं गाडी थांबवली. केदारनाथनं आजूबाजूला पाहिलं. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. त्यानं कॅमेरा खाली ठेवला. मार खाताना निदान तो फुटू नये म्हणून.

"आबा काय म्हणले?" त्यानं विचारलं. 

"आबा काय बी म्हणले न्हाईत. दार उघडलंच न्हाई." सटवा गाडीवरच बसून होता. घमेल्याएवढा पंजा त्यानं हँडलवर गच्च धरला होता. "केदार, खरं सांग. त्या कॅसेटीत मी बी हाय ना?"

"हाय की. पंगतीत वाढताना. दारापाशी. सतरा जागी असशील."

"आबाचा सख्खा भाऊ तू तीन तासात काढलास." सटवा उसाकडं पाहत होता. "पाठीला पाठ लावून आलेला. मी तर कोण? आज त्यांनी थांब म्हणल्यावर मी थांबलो. उद्या त्यांना वाटलं की मीच तुला सोडलं, तर?"

केदारनाथनं वाकून कॅमेऱ्याच्या लेन्सला झाकण लावलं.

"मला काढायला कोणी आलं," सटवा म्हणाला, "तर मला आधी सांगशील ना बे?"

एवढा दांडगा माणूस, पण त्याचा आवाज लाईट जाताना पंख्याचा होतो तसा बारीक झाला होता. केदारनाथनं मान हलवली. ती भीतीनं हलली का खरंच, हे त्यालाही कळलं नाही. कॅमेरा उचलून तो परत मागं बसला, आणि वडवणी येईपर्यंत त्यानं सटवाला आणि सटवानं हँडलला घट्ट धरलं होतं.