सगुणाबाईंनी घातलेली पिशवीची समजूत

मी एक जुना बाक आहे. वेल्ह्याच्या एसटी स्टँडवरचा, अस्सल सागवानी. मित्रांनो, आजवर माझ्यावर बसलेला एकही माणूस पडलेला नाही, हे मी छातीठोकपणे सांगतो. म्हणजे मागच्या लग्नसराईत एक वरमाय पडली, पण ती ज्या टोकाला बसली त्या टोकाचा माझा पाय आखूड आहे. त्याखाली वीट असते, आणि ती वीट कुणीतरी चुलीला नेली होती. तिला उचलायला आलेले दोघेही माझ्यावर टेकले आणि पडले. ते मी धरत नाही.

माझा जन्म नसरापूरच्या एका सुताराच्या पडवीत झाला. मला नवा रंग होता तेव्हा लोक माझ्यावर बसण्याआधी रुमालानं धूळ झटकायचे. आता पाठीवर तीन निवडणुकांचे उमेदवार एकावर एक रंगवलेले आहेत. तालुक्याचं नाव वेल्ह्याचं राजगड झालं, तेव्हाही मला नवा रंग मिळाला नाही. पण बाकाला एक सुख असतं. माणसं बाकासमोर काहीही बोलतात.

पासलीच्या सगुणाबाई त्या दिवशी आल्या त्या बोलायचं ठरवूनच. त्यांचा गोरख दोन वर्षांनी घरी येणार होता. दोन वर्षांपूर्वी भातलावणीच्या ऐन चिखलात गोरख मोबाईलवर स्वतःचा व्हिडिओ काढत उभा राहिला. त्याचे वडील सावळाराम आले, त्यांनी मोबाईल घेतला आणि रोपांच्या ओळीत, दोन रोपांच्या मधोमध, नीट अंतर सोडून लावला. गोरख त्याच पावली चाकणला गेला. तेव्हापासून बापलेक बोललेले नाहीत. आता गोरखनं आईला फोनवर सांगितलं होतं, भात कापायला येतो. सावळारामला यातलं काही सांगितलं नव्हतं. रेशनच्या केवायसीला अंगठा द्यायला जाते, असं सांगून सगुणाबाई निघाल्या होत्या.

पासलीच्या एसटीत बसल्यापासून उंबऱ्यापर्यंत जेवढा वेळ मिळेल, तेवढ्यात पोराला समजावायचं होतं. नाहीतर बाप एक बोलणार, पोरगं दोन बोलणार आणि उलट्या गाडीनं परत चाकणला. या खेपेला गेला तर परत येणार नाही, हे त्यांना पक्कं माहीत होतं.

म्हणून त्या तालीम करायला लागल्या. त्यांच्याकडं एक पिशवी होती, गोरखच्या शाळेतल्या खाकी पँटीची शिवलेली. ती त्यांनी शेजारी ठेवली आणि तिच्याकडं बघून सुरुवात केली.

“आलास व्हय? दोन वरसं आईची याद न्हाई आली?”

मग स्वतःच मान हलवली. फार तिखट झालं. पोरगं इथनंच मागं फिरायचं.

“माझं सोनं गं ते, किती वाळलंय.”

हे फार गोड झालं. लाडावला तर ऐकणार नाही. शिवाय पिशवी खाली, त्यामुळं नजर खाली जात होती. गोरख चांगला उंच. सगुणाबाईंनी पिशवी उचलून माझ्या पाठीच्या वरच्या फळीवर ठेवली, भिंतीला टेकवली. आता मान वर करून बोलावं लागलं आणि आवाज आपोआप बरोबर लागला.

“हे बघ. घरात गेलास की आदी पाया पड.” इथं त्या थांबल्या, कारण इथं गोरख काहीतरी म्हणणार होता.

“पडतो की मावशी,” आवाज आला.

माझ्या दुसऱ्या टोकाला वरव्याचा कुंडलिक येऊन बसला होता. घरी भांडून मामाकडं पासलीला निघालेला, त्यामुळं त्याला वाटलं, ही बाई आपल्यालाच बोलतेय. सगुणाबाईंना मात्र वाटलं, जागा बरोबर सोडली, उत्तर आपोआप आलं. त्या रंगात आल्या.

“बाप म्हनंल, आलास तोंड वर करून?” हे त्या घोगऱ्या आवाजात म्हणाल्या, पदर टोपीसारखा डोक्यावर ओढून. मग पदर सोडून आपल्या आवाजात, “तू गप ऱ्हायचं. त्यांचा आवाज मोठा, पर तुझ्या खाटंवरची गोधडी दर पंधरा दिसानं उन्हात कोन घालतंय? म्या न्हाई घालत. म्या बघत न्हाई, असं त्यास्नी वाटतंय.”

इथं त्या पुन्हा थांबल्या. ही थांबायची जागा ठरवलेली नव्हती.

“माझा बाप बी असाच हाय,” कुंडलिक नाक ओढत म्हणाला.

सगुणाबाईंनी वळून बघितलं. “तू कोन रं?”

“म्या कुंडलिक.”

“मग मदी मदी काय बोलतोस? म्या पिशवीशी बोलतीया!”

तेवढ्यात पासलीची एसटी आली. उतरणारे उतरायच्या आधी चढणारे चढायला लागले. लाजलेल्या कुंडलिकला काहीतरी चांगलं करून दाखवायचं होतं. त्यानं फळीवरची पिशवी उचलली आणि खिडकीतून आत सीटवर भिरकावली.

“मावशी, जागा धरली! या फुडच्या दारानं!”

आपल्याकडं खिडकीतून टाकलेली पिशवी म्हणजे सातबाराच. तिच्या जागेवर कुणी बसत नाही. सगुणाबाई उठल्याही. पण त्याच वेळी स्टँडच्या दुसऱ्या टोकाला, गोरख जिनं येणार होता ती स्वारगेटची गाडी लागली आणि त्या पुढच्या दाराऐवजी तिकडं पळाल्या.

गोरख त्या गाडीत नव्हता. तो नसरापूरला उतरून वडापच्या जीपनं आला होता. जीपमधून उतरला, तो पासलीच्या एसटीच्या खिडकीत त्याला स्वतःची पँट दिसली. ओळखली. धावत चढला.

“ही पिशवी कुनाची?” त्यानं शेजारच्या सीटवर बसलेल्या कुंडलिकला विचारलं.

“एका मावशीची. हायती की गाडीतच, फुडं बायकांत.”

पुढं गर्दी होती. गोरख पिशवी मांडीवर घेऊन शांत बसला. कंडक्टरनं दोनदा घंटी मारली.

सगुणाबाई स्वारगेटच्या गाडीत मागच्या सीटपर्यंत बघून परत आल्या, तर माझ्यावर सावळाराम बसलेले. स्वच्छ टोपी, दाढी केलेली. मगाच्या त्याच पासलीच्या एसटीतून उतरलेले.

“तुमी हितं?”

“केवायसी.”

“ती म्या करतीया ना?”

“मग माझा अंगठा कोन देनार, तू?”

मग सावळाराम रस्त्याकडं बघत म्हणाले, “आला का त्यो?”

“तुमाला कुनी सांगितलं?”

“तू फोनवर वरडतीस. आळीतल्या म्हशींस्नी सुदिक ठावं हाय.” त्यांनी टोपी काढली, झटकली, परत घातली. “म्या काय बोलनार न्हाई त्याला. भात कापायचंय. मोबाईल घिऊन ये म्हनावं शेतात. बांधावर ठेव म्हनावं.”

सगुणाबाईंची सगळी तालीम वाया गेली. त्यांनी पदर डोळ्याला लावला आणि धपकन माझ्यावर बसल्या. मित्रांनो, बाकांना जपा. पाठीवर नावं कोरू नका, वीट चुलीला नेऊ नका. आमच्यावर माणसं फार जड होऊन बसतात.

“आवं, पर पोरगं कुठाय?” सगुणाबाई म्हणाल्या. “आन पिशवी?”

जीपवाला पान जमवत उभा होता. “उंच पोरगं का? चाकनवालं? ते पासलीच्या गाडीनं गेलं की मगाशीच. खाकी पिशवी हुती मांडीवर.”

पासलीला परत जायची एसटी संध्याकाळी होती. घराला कुलूप होतं. किल्ली सावळारामच्या करदोट्याला होती.