अल्पशा आजाराने

सकाळी सात वाजता बाई गेल्या, आणि दुपारचे दोन वाजायच्या आत अक्कांनी निधनवार्तेचा मजकूर स्वतःच्या हाताने लिहून काढला. धाकट्या बहिणीचे शेवटचे काम दुसऱ्या कोणाच्या अक्षरात जावे, हे त्यांना खपले नसते. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षीही त्यांची रेघ सरळ होती. डोळे कोरडे होते. रडायला वेळ पुढे पडला होता. वर्तमानपत्राचा काउंटर मात्र पाच वाजता बंद होणार होता.

मजकुराचे इंग्रजी करायला त्यांनी बाईंच्या जुन्या विद्यार्थ्याला बोलावून घेतले होते. तो न्यायालयात भाषांतरकार होता आणि अक्का त्याला दुभाष्या म्हणत. बाईंचे जावई आणि त्यांच्या घरचे परदेशातले. त्यांना मराठीचे अक्षर येत नव्हते. त्यांच्यासाठी हे इंग्रजी. तो बाईंच्या टेबलाशी बसला. टेबलावर न तपासलेल्या निबंधांचा गठ्ठा होता. तो त्याने हलवला नाही, कागद त्याच्या कडेला ठेवून लिहू लागला.

अक्कांनी चष्मा पुसून त्याचा पहिला खर्डा वाचला.

"'दुःखद निधन' याचं तू नुसतं 'डाइड' केलंस?"

"तिकडे तसंच लिहितात, अक्का. दुःख झालंय हे ते धरूनच चालतात."

"आणि भाचा न् पुतण्या दोघेही 'नेफ्यू'? माझा मुलगा आणि तिच्या दिरांचा मुलगा एका माळेत?"

"त्यांच्याकडे दोघांना मिळून एकच शब्द आहे."

"काटकसरीची भाषा दिसते. आणि मी नुसतीच 'सिस्टर'? थोरली कुठे गेली?"

"ती वेगळी सांगावी लागते. 'एल्डर' घालतो."

"घाल. एकोणसत्तर वर्षं थोरलेपण केलंय, ते काही फुकट नाही." त्यांनी पुढच्या ओळीवर बोट ठेवले. "मी लिहिलंय, 'त्या विद्यार्थ्यांत प्रिय होत्या.' तुझ्या 'शी वॉज'मध्ये तो मान दिसत नाही."

"इंग्रजीत 'ती' आणि 'त्या' यांत फरक नाही. 'तू' आणि 'तुम्ही' यांतही नाही. मान दुसऱ्या शब्दांत आणावा लागतो. बघतो."

मग तो थांबला. मराठी मजकुरात 'प्रदीर्घ आजाराने' होते. त्याने त्याखाली 'आफ्टर अ लाँग इलनेस' असे लिहिले होते आणि अक्कांनी 'लाँग'वर काट मारली होती.

"इथे 'ब्रीफ' लिही. अल्पशा आजाराने."

"मराठीत प्रदीर्घ आहे, अक्का."

"मराठीत असायलाच हवं. निवृत्तीनंतरही डोक्याला रुमाल बांधून, काठी टेकत ती वर्गात जायची, हे सगळ्या शाळेने पाहिलंय. इथे अल्पसा म्हटलं तर लोक तोंडावर हसतील. पण ठकीला ठाऊक नाही."

ठकी म्हणजे बाईंची एकुलती एक मुलगी. दोन वेळा तिची कूस रिती झाली होती. तिसऱ्या खेपेसाठी तिथल्या डॉक्टरांनी उपचार सुरू केले, आणि त्याच महिन्यात इथे बाईंच्या आजाराचे निदान झाले. बाई म्हणाल्या होत्या, लेकीला सांगू या. अक्का म्हणाल्या होत्या, आधी मूल हातात येऊ दे. घरात अक्कांचा शब्द खाली पडत नसे. तो तेव्हाही पडला नाही. दिवस राहायलाच चार-पाच महिने गेले, आणि राहिल्यावर डॉक्टरांनी तिला अंथरुणाला खिळवले. फोनवर चेहरा दाखवायची वेळ आली की बाई खिडकीकडे पाठ करून बसत आणि सर्दी झाल्याचे सांगत. मूल तीन आठवड्यांपूर्वी झाले. येत्या रविवारी सांगायचे ठरले होते. आज शुक्रवार होता. सकाळी अक्कांनी फोनवर भाचीला सांगितले होते ते इतकेच, की दोन दिवस ताप होता आणि अचानक गेली.

दुभाष्याने टोपण लावून पेन खाली ठेवले.

"मला जमणार नाही. ज्या कागदाला मी भाषांतर म्हणतो, त्यात मुळाहून वेगळं लिहीत नाही. तुम्हाला वेगळा मजकूर हवा असेल, तर तो तुम्ही लिहा. वर भाषांतर म्हणू नका."

"न्यायालयात बसून फार शेफारलास."

"ही खोड बाईंनी लावली. न्यायालयात तिचा पगार मिळतो एवढंच."

अक्कांनी चष्मा काढून पुन्हा पुसला.

"आणि मी लिहिलं तरी टिकणार नाही," तो हळू म्हणाला. "उद्या हा अंक संगणकावरही दिसेल. ठकीताईंना मराठी वाचता येतं. कोणीतरी कळवळ्याने त्यांना पाठवेल, आणि 'प्रदीर्घ' हा शब्द त्यांना एकट्यांना वाचावा लागेल."

घड्याळात सव्वातीन झाले होते. अक्कांनी निबंधांच्या गठ्ठ्यावरची धूळ पदराने पुसली, जणू त्यासाठीच त्या उठल्या होत्या. वरच्या वहीत बाईंची लाल खूण अर्ध्या पानापर्यंत आली होती. त्यापुढे काही नव्हते.

"फोन लाव," त्या म्हणाल्या. "आणि बाहेर जाऊन बस."

भाचीने लगेच उचलला. "मावशी, तू जेवलीस का?"

"मी सकाळी तुला खोटं सांगितलं. तुझी आई चौदा महिने आजारी होती. तिला तुला सांगायचं होतं. मी नको म्हटलं."

पलीकडे तान्हे मूल कुरकुरत होते.

"ती खिडकीकडे पाठ करून बसायची," भाची म्हणाली. "मी तिला म्हणायचे, आई, तोंड दिसत नाही गं तुझं. उजेडात ये. मी तिला रागवायचे, मावशी."

"तुझ्या भल्यासाठी—"

"मूल रडतंय. ठेवते."

अक्कांनी फोन टेबलावर पालथा ठेवला. दार उघडून दुभाष्याला म्हणाल्या, "लाँग ठेव. दोन्ही तिला पाठवून दे. आणि रिक्षा बघ."

वर्तमानपत्राच्या कचेरीत काउंटरवर एक तरुण बाई होती. तिने डॉक्टरांचा दाखला पाहिला, मजकूर देणाऱ्याचे ओळखपत्र पाहिले, दाखल्यावरचे नाव मजकुरातल्या नावाशी अक्षर अक्षर ताडले. मग पट्टीने उंची मोजली: एक रकाना, आठ सेंटिमीटर, छायाचित्रासह. "तपासून सही करा. सहीनंतर बदल होत नाही," ती म्हणाली आणि छापील नमुना पुढे सरकवला.

तेवढ्यात अक्कांच्या हातातला फोन थरथरला. भाचीचा निरोप होता, मराठीत. त्यांनी तो दोनदा वाचला आणि दुभाष्यापुढे धरला.

'मजकूर वाचला. प्रदीर्घ हा शब्द मोघम आहे, आईने त्याचे गुण कापले असते. दोन्हीकडे चौदा महिने असं लिहा. बाकी, मावशी, तुम्हाला योग्य वाटेल तसं करा.'

दुभाष्याने शेवटच्या ओळीवरून नजर काढून घेतली. त्याने नमुन्यातले 'प्रदीर्घ आजाराने' खोडले, वर 'चौदा महिन्यांच्या आजारानंतर' लिहिले आणि स्वतःच्या कागदावर इंग्रजीही दुरुस्त केले.

"जावयांना तिने हे वाचून दाखवलं," अक्का म्हणाल्या, "तर त्यांना काही कळेल?"

"नाही, अक्का. इंग्रजीत ते नुसतं 'यू' होईल."

अक्कांनी मान हलवली. नमुना जवळ ओढून त्यांनी पश्चात असलेल्यांची यादी वाचली: कन्या, जावई, नात, भाचा, पुतण्या, थोरली बहीण. थोरली या शब्दाशी पेन जरा थबकले. मग त्यांनी खाली, नेमून दिलेल्या जागेत, पूर्ण नावाने सही केली.

पाचला दहा मिनिटे कमी होती.