आधी कोण बोललं?

वैजयंती कारखानीसला पीएच.डी. मिळणार की नाही, हे तिच्या प्रबंधाच्या चौथ्या प्रकरणावर अडलं होतं. आणि ते चौथं प्रकरण वाशीजवळच्या बोनकोडे गावातल्या शकुबाईंवर उभं होतं. सहा वर्षं झाली, वर दोनदा मुदतवाढ झाली, आता तीस तारखेला नोंदणीच संपणार होती. वाशीच्या कॉलेजात ती तासिका तत्त्वावर शिकवत होती. प्राचार्यांनी गोडीत सांगून ठेवलं होतं की डॉक्टरेट आली तर बघू, नाही तर पुढच्या जूनपासून दुसरं कोणीतरी येईल. अडतीस वर्षांच्या बाईला 'बघू' म्हणायला जीभ कशी रेटते, देव जाणे.

तिचा विषय लोकांना समजावून सांगताना तिची दमछाक व्हायची, पण विषय तसा सोपा होता. आपल्याला वाटतं की अर्थ शब्दांत असतो. तिचं म्हणणं, शब्दांपेक्षा मोठ्या साच्यालाही स्वतःचा अर्थ असतो. इंग्रजीत सरळ म्हणता येतं की बाईने हळद ताटाबाहेर शिंकली. आता शिंकणं म्हणजे काही ढकलणं नव्हे, फेकणं नव्हे. मग हळद बाहेर नेली कोणी? त्या वाक्याच्या बांधणीने. कर्ता, वस्तू आणि वाट ही तीन माणसं त्या क्रमाने उभी राहिली की 'याने त्याला तिकडे हलवलं' हा अर्थ साचाच आणतो, क्रियापद कुठलंही असो.

मराठी असं करत नाही. 'चेंडू बाहेर ढकलला' चालतं, कारण हलवणं ढकलण्यातच आहे. 'भिंत पांढरी रंगवली' चालतं, कारण रंगवलं की रंग येणारच. पण शिंकण्यातून हळद न्यायची तर मराठी माणूस दोन क्रियापदं घेतो: शिंकून उडवली. पत्रा ठोकून सपाट केला. सगळी पुस्तकं हेच सांगत होती, आणि वैजयंतीला शकुबाईंच्या आगरी बोलीत त्याच्या उलट सापडलं होतं. "तिनी हलद ताटाभायेर शिंकली." एका क्रियापदात. अशी एक्केचाळीस वाक्यं, शकुबाईंची आणि गल्लीतल्या आणखी नऊ जणांची. परिषदेत तिने यावर निबंध वाचला तेव्हा लोक खुर्च्या पुढे ओढून ऐकत होते.

शकुबाई अठ्ठ्याहत्तरच्या. नवरा मिठागरावर होता, स्वतः त्यांनी आयुष्यभर खाडीतली निवटे-कोलंबी अशी मासळी विकली. आता गावाच्या चारी अंगांनी सेक्टर उभे राहिले होते आणि शकुबाई पाच मजली घराच्या तळमजल्यावर नातसुनेजवळ, तेजश्रीजवळ राहायच्या. वैजयंतीवर त्यांचा फार जीव. तीन वर्षं ही पोरगी उलव्याहून दोन रिक्षा बदलून येते, आपलं बोलणं मशिनीत भरून घेते, याचं त्यांना कोण कौतुक! ती आली की आधी जेवण, मग काम. नाही म्हणण्याची सोय नव्हती.

प्रबंध देण्याआधीचं सादरीकरण झालं त्या दिवशी बाहेरून आलेल्या तज्ज्ञ होत्या डॉ. गीतांजली. शांत बाई. सगळं ऐकून घेतलं, चहा संपवला आणि एकच प्रश्न विचारला.

"ही वाक्यं आधी कोण बोललं? त्या की तुम्ही?"

"त्याच," वैजयंती म्हणाली. तिला खरंच तसं वाटत होतं.

घरी येऊन तिने पहिल्या वर्षाची ध्वनिमुद्रणं लावली, निव्वळ खात्रीसाठी. वरून विमानं जात होती, म्हणून तिने हेडफोन घट्ट दाबून धरले. कानात तिचाच आवाज आला. तीन वर्षांपूर्वीचा तो आवाज किती कोवळा वाटत होता! 'आजी, तुमच्यात असं म्हणतात का, की तिनी हलद ताटाभायेर शिंकली?' मग थोडं थांबून शकुबाई: 'हा. म्हंतान.' आणि मग, बोलून दाखवा ना, असं म्हटल्यावर तेच वाक्य, जसंच्या तसं. वैजयंतीने ते पुन्हा ऐकलं. पुढचं लावलं, त्याच्या पुढचं लावलं; सगळीकडे आधी तिचं वाक्य, मग शकुबाईंचा होकार. वहीत तिने फक्त शकुबाईंची उत्तरं उतरवली होती, स्वतःचे प्रश्न नव्हते उतरवले. पहिल्या वर्षाला कोणीही करेल अशी चूक, म्हणाल तर एवढीशी. या एवढ्याशा चुकीवर तिने दीडशे पानं लिहिली होती.

पण मग तिला ते नऊ जण आठवले आणि जीव भांड्यात पडला. त्यांना विचारायला तिने दुसऱ्या वर्षी सुरुवात केली होती आणि तोवर ती शहाणी झाली होती. त्यांना तिने वाक्य दिलंच नव्हतं. प्रसंग सांगून फक्त 'काय म्हणाल?' एवढंच विचारलं होतं. तरी नऊच्या नऊ जणांनी तेच म्हटलं होतं. त्यांतल्या देवजीकाकांनी तर प्रश्न पुरा होण्याआधी उत्तर दिलं होतं. म्हणजे साचा खरा होता. शकुबाईंची मुद्रणं गाळायची, नऊ जणांची ठेवायची, शकुबाईंना नव्याने रीतसर विचारायचं. चार दिवसांत जमण्यासारखं होतं.

रीतसर म्हणजे शब्दच वापरायचे नाहीत. तिने मोबाइलवर आठ मुके तुकडे चित्रित केले. एक बाई शिंकते, ताटातली हळद फरशीवर. एक माणूस फुंकर मारतो, राख शेगडीबाहेर. एक जण पत्रा ठोकतो, पत्रा सपाट होतो. तुकडा दाखवायचा आणि काय झालं एवढंच विचारायचं. रविवारी सकाळी ती बोनकोड्याला पोचली. शकुबाई चष्मा लावून मोबाइलसमोर बसल्या, परीक्षेला बसल्यासारख्या.

"बाय शिंकली आन् हलद उरली," त्या म्हणाल्या. उरली म्हणजे उडाली; आगरीत 'ड'चा 'र' होतो.

दुसरा तुकडा: फुकून फुकून राख भायेर काढली. तिसरा: पत्रा ठोकून सपाट केला. आठही तुकडे संपले. आठही वेळा दोन क्रियापदं, जशी कोथरूडच्या कोणाही बाईने म्हटली असती तशी. वैजयंती चेहरा सरळ ठेवायचा प्रयत्न करत होती, पण शकुबाईंनी उभं आयुष्य गिऱ्हाइकाचा चेहरा वाचण्यात काढलेलं. त्यांनी चष्मा काढला.

"चुकला का गो माजा? तुला कसा पायजे त सांग ना, बाय. मी तसा बोलतंय."

वैजयंतीने सांगितलं की आजी, मला हवं तसं नको, तुम्ही एरवी बोलता तसं हवं. तर म्हातारी हसली. एरवीचं बोलणं घेऊन काय करशील, म्हणाली, ते तर सगळेच बोलतात, तुझ्या पेपरला वेगळं लागतं. आणि थांबा, असा हात करून तिने सुरू केलं. हलद ताटाभायेर शिंकली. राख शेगडीभायेर खोकली. पोराला वट्यावरशी खाली हसला, म्हणजे हसून ओट्यावरून खाली पाडलं. एकामागून एक, न अडखळता, वैजयंतीच्या वहीतल्या क्रमाने. लिहिता-वाचता न येणाऱ्या बाईला एक्केचाळीस वाक्यं पाठ होती.

"आमच्याकडनंपण पाठ करून घेतलंय त्यांनी," तेजश्री स्वयंपाकाच्या ओट्याकडून कौतुकाने म्हणाली. "तुम्ही यायच्या आदल्या दिवशी सगळ्यांना बसवायच्या. देवजीकाका विसरायचे, तर किती ओरडायच्या त्यांना."

"मंग?" शकुबाई म्हणाल्या. "पोर नापास झाली असती ना."

वैजयंतीला रडावं की हसावं कळेना. रागवायचं कोणावर? या बाईने तिच्यासाठी एक बोली जन्माला घातली होती, अख्ख्या गल्लीला शिकवली होती आणि त्यात वाईट हेतू तीळभर नव्हता. वैजयंती जेवायला बसली. निवट्याचं कालवण होतं. दोनदा वाढून घेतलं, कारण नाही म्हणण्याची सोय नव्हती.

सोमवारी ती मार्गदर्शक श्यामसुंदर सरांसमोर बसली आणि काही न लपवता सांगितलं. सरांनी पेनाचं टोपण लावलं. मग म्हणाले की प्रबंध आहे तसा दे, परीक्षक एवढं खोलात जात नाहीत. तिने मान हलवली. नाही म्हणजे नाही. हे छापलं की उद्या कुठला तरी विद्यार्थी आगरी बोलीचा पुरावा म्हणून देईल, आणि तो पुरावा बोनकोड्याच्या एका ओटीवर पाठ करून घेतलेला असेल.

मग चौथं प्रकरण काढ, सर म्हणाले. पण ते काढलं तर उरतं काय, हे दोघांनाही ठाऊक होतं.

तिने हलक्या आवाजात आणखी एक गोष्ट सांगितली. आदली सगळी रात्र ती न वापरलेली मुद्रणं ऐकत होती. जेवताना मशीन चालू राहिलेलं, कोणीच काही विचारलेलं नाही, तशी. त्यात शकुबाई आपल्या आपण बोलत होत्या. रडून रडून डोलं घालवलं. वरडून वरडून गला बसवला. चालून चालून वहाना फारल्या. क्रियापद दोनदा, 'ऊन' लावून, आणि पुढे त्याचा परिणाम. 'अति केलं, इतकं की शेवटी असं झालं' हा अर्थ त्यातल्या कुठल्याच शब्दात नाही, तो सगळा साच्याचा. रिकाम्या जागी बसेल ते क्रियापद घाला, अति तिथे येतंच. म्हणजे तिला हवी होती ती गोष्ट, शब्दांहून मोठ्या आकाराला असलेला अर्थ, तिच्या कानाशी तीन वर्षं बोलली जात होती. तेव्हा ती मात्र शिंकलेल्या हळदीच्या मागे लागली होती.

सरांचे डोळे चमकले. किती उदाहरणं आहेत, त्यांनी विचारलं. दोनशेच्या वर, ती म्हणाली. नवीन आहे का, तर तसं नाही, सगळी मराठी असं बोलते. पण कुठली क्रियापदं बसतात, कुठली नाहीत, हे नीट कोणी मोजलेलं नाही. सर म्हणाले, हा खरा प्रबंध. मग भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघून म्हणाले की याला अडीच-तीन वर्षं लागतील. नवी नोंदणी, नवी प्रवेशपरीक्षा. मी तर मार्चमध्ये निवृत्त होतो. आणि तू कॉलेजात नसलीस तर संशोधन केंद्र तुला घेणार कसं? तिचं हे सगळं आधीच मनात मोजून झालं होतं. सरांच्या तोंडून ऐकायचं तेवढं राहिलं होतं.

एकोणतीस तारखेला तिने नोंदणी रद्द करण्याचा अर्ज दिला. कारण या रकान्यात 'वैयक्तिक' लिहिलं. खिडकीतल्या बाबूने वाचलंही नाही, शिक्का मारून पावती सरकवली. ती बाहेर जिन्यावर येऊन बसली. रडू येईल असं तिला वाटलं होतं, पण नुसतं सुन्न वाटत होतं, आणि स्वतःची चीड येत होती.

तेवढ्यात फोन वाजला. तेजश्रीच्या नंबरवरून शकुबाई. उद्या तारीख आहे ना तुझी, म्हणाल्या, म्हणून आजच लावला.

"पास झालीस का गो बाय?"

 पलीकडे म्हातारी श्वास धरून थांबली होती. तिला कुठलं उत्तर हवं होतं ते त्या थांबण्यातच ऐकू येत होतं.

"झाले, आजी," ती म्हणाली.

मग पलीकडे एकच गलका झाला. शकुबाईंनी फोन न ठेवताच दारात जाऊन सगळ्या गल्लीला ओरडून सांगितलं. देवजीकाका कुठूनतरी म्हणाले की आपण सगळेच पास झालो. तेजश्रीने फोन हातात घेतला आणि विचारलं की मॅडम, आजी पेढे आणायला सांगतायत, तुम्ही कधी येताय? वैजयंतीने रविवारी येते म्हणून सांगितलं.