ओळखीची पट्टी

अंजना आटपाडीची. तिची आई मुक्ताबाई आठ महिने क्षयाच्या दवाखान्यात होती. थुंकीत जंतू दिसायचे थांबल्याशिवाय तिला घरी सोडणार नव्हते. १९६४ साली अंजना सांगलीत प्रयोगशाळा-तंत्रज्ञाच्या परीक्षेला बसली, तेव्हा तिच्यापुढे त्याच दवाखान्यातला थुंकीचा नमुना आला. त्यावर नाव नव्हतं, नुसता आकडा होता. पण हा आईचाच, असं तिच्या मनानं घेतलं.

तिनं नमुना पसरलेल्या काचपट्टीवर फुक्सिन हा लाल रंग ओतला, उकळू न देता वाफ येईल इतपत पाच मिनिटं तापवला, आम्लानं तो उतरवला आणि वरून निळा रंग दिला. क्षयाचे जंतू तेवढे आम्लानंही लाल सोडत नाहीत. सूक्ष्मदर्शकातून सगळं निळंच दिसलं. लाल जंतू एकही नव्हता. आई आता घरी येणार, या विचारानं तिचे डोळे भरून आले.

मग तिनं रंग नीट चढतो का हे पडताळायला सोबत रंगवलेली दुसरी, ओळखीची पट्टी पाहिली. तिच्यावर जंतू आहेत हे आधीपासून माहीत होतं, पण तीही निळीच निघाली.

"सर, हा निकाल देता येत नाही," ती परीक्षकांना म्हणाली. "फुक्सिन खराब झालंय."

ताजं फुक्सिन घेऊन तिनं दोन्ही नमुन्यांच्या नव्या पट्ट्या रंगवल्या. ओळखीच्या पट्टीवर लाल जंतू उमटले. दवाखान्याच्या नमुन्यातही तीन-चार होते. तिनं ते तसेच लिहिले.

ती पास झाली. रविवारी ती दवाखान्यात गेली.

"मला घरी कवा न्हेशील गं?" मुक्ताबाईनं विचारलं.

"अजून एकदा तपासू दे, आई," अंजना म्हणाली, आणि भेटीची वेळ संपेपर्यंत आईचा हात धरून बसली.