आधी तुझी रजा

स्वतःच्या ऑपरेशनच्या आदल्या दिवशी माझ्या आईने, निवृत्त हेडक्लार्कने, संमतीपत्रावर सही करायला नकार दिला.

"आधी तुझी रजा."

"साहेब हो म्हणालेत गं."

"तोंडी? मग माझी संमतीही तोंडीच."

डॉक्टर पेन घेऊन ताटकळले. मी साहेबांना मेल केली: 'आज आपण मंजूर केलेली माझी रजा, बारा ते सोळा तारीख, कृपया लेखी कळवावी.' उत्तर आलं: 'हो.'

"नुसतं हो? तारखा कुठायत?"

दुसऱ्या मेलला तारखांसकट मंजुरी आली, तेव्हा कुठे आईने सही केली.

बाराला ऑपरेशन चालू असतानाच ती गेली. चौदाला साहेबांचा फोन आला. "आता दवाखाना नाही, तर उद्यापासून येतेस?"

"सोळापर्यंत तुम्हीच लेखी दिलंय, साहेब."

फोन ठेवला आणि रिकाम्या घरात मी मोठ्याने म्हणाले, "आई, तुझा हट्ट मला फार आवडायचा."