कुंदाबाईंचं बोट आणि पांढरी घरं

केळीचा चीक कातडीत मुरला की साबणाने जात नाही.

टच तपासताना पडद्यावरच्या जाळीतलं घर हिरवं झालं म्हणजे स्पर्श पोचला. पांढरं राहिलं म्हणजे नाही.

सुरतेतल्या शिवणकामाच्या कारखान्यात जेवणाची सुट्टी छोटी असते.

व्हिडिओ कॉल उचलायचं बटण पडद्यावर खाली, मधोमध येतं.

हितेंद्रच्या फैजपूरच्या मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात हे सगळं एकदम आलं, कुंदाबाईंबरोबर. केळीच्या बागेत काम करताना त्यांचा फोन दगडावर पडला होता. काच शाबूत, पण खालचा टच मेलेला. त्यांची लेक रूपाली सुरतेला त्या कारखान्यात असते, जेवणाच्या सुट्टीतच फोन करते, तिला ऐकू-बोलता येत नाही. मायलेकींचं बोलणं हातवाऱ्यांचं. आता तिचा फोन वाजायचा आणि वाजून थांबायचा.

"मग तुम्हीच लावा ना तिला, अक्का."

"मले निस्ता उचलता येते, भाऊ."

हितेंद्रने फोनला माउस जोडून तपासणीचा कोड टाकला, माउस काढला आणि घराघरांच्या जाळीवर बोट फिरवलं. खाली मधोमध पांढरा ठिपका राहिला. वरची टेम्पर्ड काच काढली, तरी तेवढाच. मागचं झाकण उघडून आतली जोडणीची पट्टी काढून पुन्हा बसवली, तरी तेवढाच. म्हणजे टचच गेला. या मॉडेलात टच आणि डिस्प्ले एकमेकांना चिकटलेले, म्हणजे दोन्हींचा मिळून पूर्ण फोल्डर बदलायचा.

त्याने नवा डुप्लिकेट फोल्डर न चिकटवता नुसता जोडून पाहिला. बोट फिरवलं. सगळं हिरवं. गमाची ट्यूब उघडली.

"मले पाहू दे," कुंदाबाई म्हणाल्या.

त्यांचं चिकाने काळं पडलेलं, राठ बोट फिरलं आणि जाळीत जागोजागी पांढरी घरं राहिली. हितेंद्रने सेटिंगमधून टच आणखी संवेदनशील केला. थोडी भरली, थोडी राहिली. इतकी वर्षं तो आपल्याच मऊ बोटाने तपासून फोन देत आला होता.

"बोट जरा ओलं करून लावा, अक्का."

"तिचा फोन वाजीन तवा मी थुका लावत बसू काय?"

त्याला हसू आलं. मग त्याने गमाची ट्यूब बंद केली. खणात त्याच मॉडेलचा बोर्ड जळालेला फोन पडला होता, त्याचा फोल्डर कंपनीचा होता. वरच्या कोपऱ्यात एक लांब ओरखडा.

"हा चालेल? ओरखडा दिसेल."

"तिचे हात दिसतीन ना?"

तो काढून जोडला. या वेळी हितेंद्रने फोनला हातही लावला नाही. कुंदाबाईंनीच एकेक ओळ सावकाश भरली, खालच्या कडेपर्यंत. मग त्याने गम लावला, चारी बाजूंनी रबर चढवले आणि गम वाळेपर्यंत कुंदाबाईंना बाकावर बसवून ठेवलं.

फोन पडला तेव्हा कुंदाबाई तो एका हातात धरून रूपालीशीच बोलत होत्या, आणि "जेवली का?" ही त्यांची खूण दोन हातांची आहे.